फोटोतलं पुस्तक खरं की चोरीचं?

चारशे पानांची एक गाजलेली कादंबरी. छापील किंमत ४५० रुपये, आणि ऑनलाइन विक्रेता मागतो १६०. वर्णनात लिहिलेलं असतं, ‘नवी, न वाचलेली प्रत’. सोबत तीन फोटो: मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाची कड. घ्यावी की न घ्यावी?

निव्वळ स्वस्ताईवरून निकाल देता येत नाही. रद्दीत आलेली, बंद पडलेल्या दुकानातून उचललेली किंवा कुणी भेट मिळून न उघडलेली अस्सल प्रतही या भावात मिळू शकते. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अशी अस्सल जुनी पुस्तकं वर्षानुवर्षं विकली गेली आहेत. प्रश्न आहे तो दुसऱ्या जातीच्या स्वस्ताईचा. कुणीतरी एक प्रत विकत घेतली, तिची पानं सोडवून स्कॅन केली आणि कुठल्यातरी प्रेसमध्ये हजारभर प्रती छापून घेतल्या. लेखकाचं मानधन, संपादन, अक्षरजुळणी हे सगळे खर्च त्याने टाळलेच. पण तेवढ्यावर त्याचा नफा थांबत नाही. तो कागदात, शाईत, कव्हरमध्ये आणि बांधणीच्या डिंकातही पैसे वाचवतो, आणि या प्रत्येक काटकसरीची खूण पुस्तकावर राहते.

यातल्या बऱ्याच खुणा फोटोत दिसतात, पण सगळ्या सारख्या भरवशाच्या नसतात. सर्वसाधारण ग्राहक सर्वांत आधी मुखपृष्ठाचा रंग बघतो, आणि नेमकी तीच साक्ष सर्वांत कच्ची असते. अक्षराची कड आणि पुस्तकाची जाडी यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण त्या साक्षी पुष्कळ पक्क्या असतात. म्हणून तपास रंगापासून सुरू झाला तरी तिथे संपू नये.

रंग उतरला म्हणजे काय झालं?

अस्सल मुखपृष्ठ चित्रकाराच्या मूळ फाइलवरून छापलं जातं. चोराकडे ती फाइल नसते. त्याच्याकडे असतं छापलेलं कव्हर. छापलेलं चित्र भिंगाखाली पाहिलं तर ते निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या जाळीचं बनलेलं दिसतं. ही जाळी स्कॅन करून पुन्हा जाळीत छापली की दोन जाळ्या एकमेकींवर चढतात आणि सपाट रंगाच्या जागी लाटांसारखी नक्षी उमटते. ती टाळायची तर स्कॅन थोडा पुसट करावा लागतो, मग चेहऱ्यावरचे बारकावे आणि लेखकाच्या नावाच्या कडा मऊ पडतात. म्हणजे नक्षी किंवा पुसटपणा, दोन्हींपैकी एक काहीतरी पदरात पडतंच.

शिवाय मूळ प्रकाशकाने खास मिसळलेली शाई वापरली असेल, तर तो गडद केशरी किंवा झळझळीत जांभळा रंग साध्या चार शायांतून तसा येत नाही. केशरी विटकरीकडे झुकतो, जांभळा मळतो. सोनेरी फॉइलची अक्षरं असतील तर चोर तिथे पिवळट तपकिरी छापून मोकळा होतो. हा फरक फोटोत पकडायला सोपा आहे. विक्रेत्याला पुस्तक वेगवेगळ्या कोनांत कलवून दोन फोटो मागावेत. खरं फॉइल आरशासारखं वागतं, एका फोटोत लखलखतं आणि दुसऱ्यात काळवंडतं. छापलेलं सोनं दोन्ही फोटोंत तसंच तपकिरी राहतं.

पण नुसत्या रंगछटेवर विसंबू नये, याची कारणं आहेत. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत अस्सल कव्हरही तांबूस दिसतं. मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीने सुधारतो. दुकानाच्या काचेत उन्हात राहिलेल्या अस्सल प्रतीचे पिवळा आणि गुलाबी हे रंग आधी उडतात, त्यामुळे ती निळसर दिसू लागते. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांच्या रंगातही फरक पडतो. जाळीवरच्या लाटांचंही तसंच आहे. अस्सल छपाईचा फोटो दुरून काढला किंवा लहान करून पाहिला तरी कॅमेऱ्याच्या आणि पडद्याच्या जाळीमुळे तशा लाटा उमटतात. फोटो मोठा केल्यावर त्या जागा बदलत असतील किंवा नाहीशा होत असतील, तर दोष फोटोचा असतो, पुस्तकाचा नव्हे.

म्हणून कव्हरवर रंगछटेपेक्षा मलपृष्ठावरचा बारीक काळा मजकूर बघावा. तिथे दगलबाजी करणं अवघड असतं. मूळ छपाईत हा मजकूर फक्त काळ्या शाईने छापतात, त्यामुळे त्याची कड स्वच्छ असते. स्कॅन केलेल्या कव्हरात मात्र तो मजकूरही चित्राचाच भाग होऊन बसतो, आणि त्याचा काळा रंग चारही शायांच्या ठिपक्यांतून तयार होतो. या शाया एकमेकींवर अचूक बसल्या नाहीत की अक्षराच्या एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला निळसर झालर दिसते. बारकोडच्या रेघांनाही तशीच झालर येते. पांढऱ्या चौकटीतला बारकोड मोबाइल जवळ नेऊन दिवसाच्या उजेडात टिपला, तर ही झालर साध्या फोटोतही दिसते. बल्बचा पिवळेपणा सगळ्या फोटोवर सारखाच पसरतो. तो अक्षराच्या एकाच बाजूला गुलाबी रेघ काढत नाही.

अक्षराची कड आणि फुटलेली शाई

आता आतल्या पानाकडे येऊ. प्रेसमध्ये छपाईची प्लेट संगणकावरून थेट बनते तेव्हा तिचं रिझोल्यूशन साधारण इंचाला २४०० ठिपके असतं. म्हणजे एक ठिपका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. घाईघाईने केलेला स्कॅन बहुधा इंचाला ३०० ठिपक्यांचा असतो, तिथे एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा होतो. कादंबरीच्या मजकुरातली देवनागरीची बारीक रेघ जेमतेम ०.१५ ते ०.२ मिलिमीटरची असते. म्हणजे स्कॅनमध्ये तिच्या वाट्याला दोनच ठिपके येतात. पान काळं-पांढरं करताना यंत्राने एक ठिपका जास्त धरला तर रेघ जाड होते, कमी धरला तर तुटते.

देवनागरीत हा घोळ रोमन लिपीपेक्षा लवकर उघडा पडतो. ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या गाठी भरून येतात. ‘द्ध’ आणि ‘ह्म’ सारखी जोडाक्षरं काळा डाग होतात. रफार शिरोरेघेला चिकटतो, अनुस्वार कुठे फुगतो तर कुठे गायबच होतो. एकाच पानावर एक ‘भ’ स्वच्छ आणि दुसरा बुजलेला असेल, तर तो फरक अक्षरजुळणीतून आलेला नसतो, कारण तिथे प्रत्येक ‘भ’ सारखाच असतो. तो स्कॅनमधूनच येतो. ओळीही नीट बघाव्यात. हाताने एकेक पान ठेवून स्कॅन केलेलं असेल तर काही पानांच्या ओळी किंचित तिरक्या असतात, आणि पानाचा आकडा एका पानावर कडेजवळ तर दुसऱ्यावर आत सरकलेला दिसतो. तिरका फोटोही ओळी तिरक्या दाखवतो, म्हणून ओळीची तुलना पानाच्या कडेशी करावी. दोन्ही सारख्या कललेल्या असतील तर कॅमेरा तिरका होता.

यानंतर कागद आपलं काम करतो. कादंबऱ्यांसाठी नेहमी वापरला जाणारा मॅपलिथो कागद साधारण ७० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटरचं वजन ७० ग्रॅम. त्याच्या पृष्ठभागावर खळ असते, त्यामुळे शाई वरच वाळते. चोरीच्या प्रतीत पन्नास-बावन्न जीएसएमचा हलका कागद किंवा न्यूजप्रिंट वापरतात. न्यूजप्रिंटला ही खळ नसल्यासारखीच असते. शाई कागदाच्या तंतूंमध्ये शिरते आणि फुटते. आधीच जाड झालेलं अक्षर आणखी फुगतं.

फोटो बघताना इथे तीन गोष्टींची गल्लत होते. मागच्या पानावरचा मजकूर उलटा, फिकट दिसत असेल तर कागद पातळ आहे. अक्षराभोवती केसांसारखे तंतू फुटलेले असतील तर कागद शाई पितो आहे. समोरच्या पानाच्या ओळी आरशातल्यासारख्या उमटल्या असतील तर शाई वाळण्याआधी पानं एकमेकांवर दाबली गेली आहेत. तिसरा दोष चांगल्या प्रेसमध्येही कधीमधी घडतो, त्यामुळे त्याला फारसं महत्त्व देऊ नये. पहिले दोन एकत्र दिसले तर संशय वाढतो. फोटो मागताना पानामागे दुसरं पान नको, पांढरा कागद ठेवायला सांगावं. नाहीतर खालच्या पानांची सावलीच आरपार दिसते.

पाठ्यपुस्तकात हीच बुजलेली छपाई नुसती डोळ्यांना त्रास देऊन थांबत नाही. गणितात दशांशचिन्ह नाहीसं होतं, उणे चिन्ह तुटतं, घातांकातला ३ हा ८ सारखा दिसतो. रंगीत नकाशात दोन शेजारी फिकट छटा एकच होऊन जातात. पाठ्यपुस्तकं तपासायला आणखी एक सोय मात्र आहे. एनसीईआरटी आपल्या पुस्तकांत श्रेयपृष्ठावर छापते की कागद ८० जीएसएमचा असून त्यात एनसीईआरटीचा जलचिन्हांकित ठसा आहे. बालभारतीच्या पुस्तकात कागदाचा प्रकार, मुद्रणादेशाचा क्रमांक आणि मुद्रकाचं नाव दिलेलं असतं. म्हणजे पुस्तक कसं असायला हवं हे पुस्तकच सांगतं. फक्त त्याच्याशी ताडून बघायचं.

जलचिन्ह कागद तयार होतानाच, लगदा ओला असताना उमटवतात. त्या जागी कागदाची जाडी कमी-जास्त होते, त्यामुळे ते प्रकाश मागून आला की दिसतं आणि समोरून आला की जवळपास नाहीसं होतं. चोर ते फिकट राखाडी शाईने छापतो. म्हणून एकाच पानाचे दोन फोटो मागावेत, एक खिडकीसमोर धरून आणि एक टेबलावर ठेवून. दोन्हींत ठसा सारखाच ठळक असेल तर तो छापलेला आहे. दोन्हींत मुळीच दिसत नसेल तर दुसरं पान बघावं, कारण दाट मजकुराखाली तो झाकला जाऊ शकतो. चार-पाच पानांत कुठेच सापडला नाही, तर मात्र कागद तो नव्हे.

कणा मोजणं

आता त्या १६० रुपयांच्या कादंबरीकडे वळू, कारण तिच्या तिसऱ्या फोटोत सर्वांत कामाची साक्ष आहे. पुस्तकाचा कणा, म्हणजे नाव छापलेली अरुंद बाजू.

प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नोंद आहे: पानं ४००, आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, मिलिमीटरमध्ये सुमारे १४० बाय २१६. चारशे पानं म्हणजे दोनशे कागद. ७० जीएसएम मॅपलिथोच्या एका कागदाची जाडी साधारण ०.०९ मिलिमीटर धरली तर दोनशे कागदांची १८ मिलिमीटर होते. हलक्या, पातळ कागदाची जाडी ०.०७ धरली तर १४. चार मिलिमीटरचा हा फरक फोटोत मोजता येतो.

कणा सरळ समोरून टिपलेला असावा. फोटो मोठा करून त्यावर मोजलं तेव्हा कण्याची उंची १,६२० पिक्सेल आणि रुंदी १०५ भरली. उंची २१६ मिलिमीटर आहे हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा १०५ ला १,६२० ने भागून २१६ ने गुणलं की उत्तर येतं १४ मिलिमीटर. कॅमेरा किंचित तिरका असेल म्हणून एक मिलिमीटर इकडे-तिकडे सोडला, तरी १८ होत नाही.

आता त्याच फोटोत कण्याच्या कडा बघाव्यात. मूळ कव्हर १८ मिलिमीटरच्या कण्यासाठी आखलेलं होतं. पुस्तक १४ चं झालं आणि कव्हर तसंच छापलं, तर कण्याचा काळा पट्टा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर उतरून मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठावर दिसतो. एखादा हुशार चोर कण्याचा भाग संगणकावर दाबून अरुंद करतो, मग कण्यावरची अक्षरं उंच आणि चिमटलेली दिसतात. मुखपृष्ठावरचं नाव आणि कण्यावरचं नाव एकाच वळणाचं असेल तर दोन्हींची रुंदी ताडून बघता येते.

जाडीच्या साक्षीला वजनाची जोड द्यावी. एका कागदाचं क्षेत्रफळ ०.१४ गुणिले ०.२१६, म्हणजे ०.०३०२४ चौरस मीटर. दोनशे कागदांचे झाले सहा चौरस मीटरहून थोडे जास्त. ७० जीएसएमने वजन भरतं सुमारे ४२३ ग्रॅम, ५२ जीएसएमने सुमारे ३१५. वर कव्हरचे वीसेक ग्रॅम. घरच्या किचन काट्यावर शंभर ग्रॅमचा फरक लगेच कळतो. काही चोर फुगीर पण हलका कागद वापरून जाडी जुळवतात, त्यांना वजन पकडतं. मात्र इथेही सावध राहावं. अलीकडे काही प्रकाशकही मुद्दाम फुगीर, हलका कागद वापरतात. म्हणून आपलं गणित हा अंदाज समजावा. खरी तुलना त्याच आवृत्तीच्या अस्सल प्रतीशी करावी, आणि ती बहुतेक वेळा वाचनालयात मिळते.

डिंक काय सांगतो

कण्याच्या वरच्या टोकाचा जवळून फोटो मागितला तर बांधणी दिसते. जुन्या पद्धतीच्या चांगल्या पुस्तकात सोळा-सोळा पानांचे फर्मे घडी घालून शिवलेले असतात. वरून पाहिलं तर घड्यांच्या लहान लहान कमानी दिसतात. पण सगळी अस्सल पेपरबॅक शिवलेली नसतात, बरीचशी नुसत्या डिंकावर बांधलेली असतात. त्यामुळे शिवण नाही म्हणून प्रत चोरीची ठरत नाही. मूळ प्रत शिवलेली होती हे ठाऊक असताना समोरची नुसती चिकटवलेली निघाली, तरच तो पुरावा.

डिंकावरच्या चांगल्या बांधणीत पानांची कड यंत्राने खरवडून खडबडीत करतात आणि दीडशे अंश सेल्सियसहून जास्त तापलेला हॉटमेल्ट डिंक एकसारखा लावतात. वरून तो एक बारीक, सरळ रेघ दिसतो. खरवडणी नीट झाली नाही किंवा डिंक पुरेसा तापला नाही, तर तो तंतूंत शिरत नाही, नुसता वर बसतो. फोटोत त्याचे पिवळट मणी, कव्हर आणि पानांमधल्या फटी किंवा बाहेर ओघळलेला डिंक दिसतो. असं पुस्तक मध्यावर उघडून सपाट केलं की कडकन तडकतं आणि तिथून पानं सुटायला लागतात.

बांधणीची आणखी एक खूण आतल्या पानावर असते. स्कॅनसाठी सोडवलेल्या प्रतीची कड आधी कापलेली असते, मग नव्या बांधणीत पुन्हा खरवडली जाते आणि तिन्ही बाहेरच्या बाजू छाटल्या जातात. त्यामुळे मजकूर कण्याच्या खोबणीत शिरतो आणि बाहेरचा समास अरुंद होतो. उघडलेल्या पुस्तकाच्या फोटोत आतल्या बाजूची अक्षरं वाकून नाहीशी होत असतील, तर ते लक्षात ठेवावं.

दोन साक्षी, मगच निकाल

आपल्या कादंबरीचा हिशेब असा झाला: मुखपृष्ठ तांबूस, पण फोटो बल्बखालचा, म्हणून तो सोडून दिला. कणा चार मिलिमीटर कमी, काळा पट्टा मुखपृष्ठावर उतरलेला. मागून घेतलेल्या फोटोत मलपृष्ठाच्या मजकुराला गुलाबी झालर. कणा कागदामुळे बारीक झाला आणि झालर स्कॅनमुळे आली, म्हणजे या दोन साक्षी एकमेकींवर अवलंबून नाहीत. अशा दोन स्वतंत्र खुणा जुळल्या की प्रत चोरीची म्हणायला हरकत नाही. एकाच खुणेवर विक्रेत्याला चोर ठरवू नये. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या भारतासाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या पातळ कागदावर, कधी एकाच रंगात छापलेल्या असतात आणि त्या पूर्ण अधिकृत असतात. मागणीनुसार एकेक प्रत छापणारे प्रकाशकही आहेत. त्यांचा कागद आणि कव्हर जुन्या आवृत्तीशी जुळत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. फोटो चोरीची प्रत पकडू शकतो, पण प्रत अस्सल असल्याची खात्री देऊ शकत नाही. मूळ छपाईची फाइलच बाहेर फुटली असेल, तर अक्षरं स्वच्छ येतात आणि मलपृष्ठाला झालरही येत नाही. तिथे फक्त कागद, वजन आणि डिंक उरतात. आयएसबीएन बरोबर आहे म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तो मूळ प्रतीवरूनच उचललेला असतो. विक्रेत्याने टाकलेले फोटो दुसऱ्याच, अस्सल प्रतीचे असण्याचीही शक्यता असते. म्हणून हातात आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी पुस्तकाशेजारी ठेवून फोटो मागणं चांगलं.

प्रत घरी आल्यावर कळलं, तर पाकीट उघडतानाचे, कण्याचे, श्रेयपृष्ठाचे आणि वजनकाट्यावरचे फोटो काढून ठेवावेत. परत पाठवण्याची मुदत असेपर्यंत ते संकेतस्थळाकडे द्यावेत आणि प्रकाशकालाही पाठवावेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या अशा छपाईला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो, तर कलम ६४ पोलिसांना अशा प्रती जप्त करण्याचा अधिकार देतं. पण त्यासाठी आधी प्रकाशकाला कळायला हवं की त्याचं कुठलं पुस्तक, कुणाकडून, कशा कागदावर विकलं जातंय. कण्याचा सरळ फोटो आणि काट्यावरचा आकडा हे त्याला नुसत्या ‘छपाई खराब आहे’ या तक्रारीपेक्षा पुष्कळ जास्त उपयोगी पडतात.